जारची वही आणि पैशांची वही वेगळी ठेवा

घणसोलीत पाण्याच्या जारची लाइन सुरू करताय, तर पहिल्या दिवसापासून प्रत्येक गिऱ्हाइकाचे दोन आकडे लिहा: त्याच्याकडे आपले जार किती आणि त्यातल्या किती जारचं डिपॉझिट आपल्याकडे जमा आहे. पाण्याचे पैसे तिसरीकडे. मी सुरुवातीला सगळं एकाच वहीत कोंबलं होतं, आणि गणपतीनंतर जार कुठे गेले तेच कळेना.

समजा, एका ऑफिसने जारमागे १५० रुपयांप्रमाणे ६०० रुपये डिपॉझिट भरून ४ जार घेतले. सोमवारी पोऱ्याने ४ भरलेले दिले, रिकामे ३ आणले. आता तिथे ५ जार, डिपॉझिट मात्र ४ चंच. तो एक जार उघडा पडला. पाण्याचं बिल चुकतं झालं म्हणून हे लक्षात येत नाही. म्हणून चलनावर ‘दिले’ आणि ‘परत’ असे दोन रकाने ठेवा, घेणाऱ्याची सही तिथेच घ्या.

पुढे डिपॉझिट २०० केलंत, तर जुने ४ जार १५० चेच राहतात. परत देताना तेवढेच द्यायचे, म्हणून पावतीवर दर लिहा. आणि हे पैसे गल्ल्यात मिसळू नका, ते गिऱ्हाइकाचं देणं आहे.

रिकामे मोजताना बुडाकडची आपली खूणही बघा. आकडा जुळतो, पण जार दुसऱ्याच प्लांटचा निघतो.