पोळपाट चतुर्थी तत्पुरुष कसा?

«मुलगी सातवीत आहे. विभक्तीच्या तक्त्यात चतुर्थीचे प्रत्यय स, ला, ते दिले आहेत. 'साठी' हे शब्दयोगी अव्यय, तो प्रत्यय नव्हे, हेही शिकवलंय. मग 'पोळपाट = पोळीसाठी पाट' हा चतुर्थी तत्पुरुष कसा? ती विचारते आणि मला सांगता येत नाही.»

मुलीला खटकलं ते अगदी बरोबर आहे. 'चतुर्थी' हा एकच शब्द आपण व्याकरणात दोन कामांना वापरतो आणि वर्गात ते वेगळं करून सांगायचं राहून जातं, तिथे हा गुंता होतो. तक्त्यातली चतुर्थी हे शब्दाच्या रूपाचं नाव आहे. समासातली चतुर्थी हे दोन पदांमधल्या नात्याचं नाव आहे.

समासांची ही नावं संस्कृतातून आली. तिथे 'साठी' हा अर्थ शब्दाच्या चतुर्थीच्या रूपातच असतो. यूप म्हणजे यज्ञातला खांब. त्याच्यासाठी आणलेलं लाकूड ते 'यूपदारु', विग्रह 'यूपाय दारु'. इथे 'यूपाय' हे चतुर्थीचं सरळ रूप आहे, त्यामुळे विग्रह आणि समासाचं नाव यांत फट राहत नाही. मराठीत तोच अर्थ सांगायला आपण बहुतेक वेळा 'साठी' वापरतो. नाव जुनंच राहिलं, विग्रह मात्र मराठी झाला.

तरी 'ला' या प्रत्ययात 'साठी'चा अर्थ मुळीच नाही असं समजू नका. 'भाजीला पैसे दे' म्हणजे भाजीसाठी पैसे दे. 'लग्नाला साडी घेतली' म्हणजे लग्नात नेसण्यासाठी घेतली. पण हाच 'ला' द्वितीयेतही येतो ('आईने बाळाला उचललं'), म्हणून विग्रहात 'साठी' लिहिलं की नातं स्वच्छ दिसतं. मुलीला आधी 'भाजीला पैसे' हे वाक्य दाखवा. माझ्या मते तक्ता आणि समास यांना जोडणारा पूल हाच आहे.

पंचमीतही असंच घडतं. प्रत्यय ऊन, हून. पण 'चोरभय'चा विग्रह आपण 'चोरापासून भय' असा करतो. 'चोराहून भय' असं कुणी बोलत नाही. 'पासून' शब्दयोगी अव्ययच आहे, पण ते दाखवतं ते नातं पंचमीचं. संस्कृतात 'चोराद् भयम्' म्हटलं की तेवढ्या रूपात काम भागतं. उलट 'ऋणमुक्त = ऋणातून मुक्त' इथे 'ऊन' विग्रहातच आहे, म्हणून मुलं तिथे अडखळत नाहीत.

आता परीक्षेच्या दृष्टीने. 'आई पोळीसाठी कणीक मळते' या वाक्यात 'पोळीसाठी'ची फोड विचारली, तर सामान्यरूप 'पोळी', शब्दयोगी अव्यय 'साठी' असं लिहायचं. तिथे चतुर्थीचा प्रत्यय दाखवला तर उत्तर चूक. 'पोळपाट'चा समास विचारला तर चतुर्थी तत्पुरुष. दोन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत.

अव्यय आणि प्रत्यय ओळखायची एखादी हमखास खूण सांगता आली असती तर बरं झालं असतं. 'त्याच्यासाठी' म्हणतो पण 'त्याच्याला' म्हणत नाही, ही खूण 'ला'पुरती चालते. 'त्याच्यात', 'त्याच्याने' म्हणतोच, म्हणून ती पुढे कोलमडते. प्रत्ययांची यादी छोटी आणि ठरलेली आहे. ती पाठ असणं हाच सोपा मार्ग.

मुलं सर्वांत जास्त चुकतात ती 'पोळीचा पाट' असा विग्रह करून. 'चा' आला की षष्ठी तत्पुरुष लिहावं लागतं. मराठीत 'चा' फार सैल आहे, 'चहाचा कप' म्हणतानाही आपल्या मनात 'चहासाठी कप' असतं. म्हणून प्रत्येक वेळी विचारायचं: दुसरी वस्तू पहिलीसाठी केलेली किंवा राखलेली आहे का? गायरान गाईंसाठी राखलेलं रान, वाटखर्च वाटेसाठी बांधून घेतलेला खर्च, क्रीडांगण क्रीडेसाठी अंगण; हे चतुर्थी. घरमालक मात्र घराचा मालक, षष्ठी. आणि 'घरजावई' घराचा नव्हे, घरातला जावई, म्हणून सप्तमी. 'स्वयंपाकघर'सारख्या शब्दात दोन्ही विग्रह पटण्यासारखे आहेत. तिथे निदान विग्रह आणि समासाचं नाव एकमेकांशी जुळलं पाहिजे.

जाता जाता मुलीला आणखी एक दाखवा. 'पोळीसाठी पाट'चा 'पोळपाट' होताना 'साठी' तर गेलंच, पण पोळीतली 'ई'सुद्धा गेली. घोड्याची दौड ती 'घोडदौड', तिथे 'घोडा'चा 'घोड' उरला. पहिलं पद असं आखूड करून घेणं ही अस्सल मराठी समासांची सवय आहे. 'क्रीडांगण'मध्ये 'क्रीडा' आखूड झाली नाही. ती 'अंगण'शी संधी करून जोडली गेली: क्रीडा + अंगण, आ + अ = आ.