दहावीच्या निकालावर बोनस: आधी छेद बघा

प्रश्न: "डिचोलीतल्या आमच्या हायस्कूलची मॅनेजमेंट म्हणते, दहावीचा निकाल जितका वाढेल तितका शिक्षकांना बोनस. मी पीटीएवर आहे. याने शिकवणं सुधारेल का?"

नुसत्या पासाच्या टक्केवारीवर बोनस ठेवला तर टक्केवारी वाढेल. शिकवणं सुधारेलच असं नाही. कसं ते एका वर्गावर मांडून बघा.

समजा, वर्गात 30 मुलं आहेत आणि गणितात पासाची रेषा 33 गुणांची. प्रिलिममध्ये 16 मुलांना 45च्या वर गुण आहेत, 6 मुलं 25 ते 32च्या मधे अडकलीत, आणि 8 मुलं 20च्याही खाली. आज निकाल लागला तर 30 पैकी 16, म्हणजे 53 टक्के. बोनस धरू वाढलेल्या दर टक्क्याला 1,000 रुपये. या वर्गात एक मूल पास झालं की निकाल तीन टक्क्यांहून थोडा जास्त चढतो, म्हणजे साधारण 3,300 रुपये.

29वर असलेल्या मुलाला 33वर आणायला चार गुण लागतात. सरासरी-मध्यकाचं हमखास येणारं गणित आणि दोन-तीन ठरलेले प्रकार घोटून घेतले की महिन्याभरात ते जमतं. 8 गुणांच्या मुलीची गोष्ट वेगळी आहे. तिला अपूर्णांकांची वजाबाकी येत नाही, म्हणजे सहावीपासून धरावं लागेल. वर्षभर खपून शिक्षकाने तिला 24पर्यंत आणलं तरी ती नापासच, आणि त्या मेहनतीची बोनसमधली किंमत शून्य. 62चे 80 करणाऱ्या मुलाचीही शून्यच. मग सकाळच्या जादा तासाला कोणती सहा मुलं बोलावली जातील ते सांगायला नको. शिक्षक वाईट आहेत म्हणून असं होत नाही. त्यांच्या हातात तास मोजकेच असतात, आणि कुठला तास कुणाला द्यायचा ते या सूत्राने आधीच ठरवलेलं असतं. अमेरिकेत शिकागोच्या शाळांमध्ये पासाच्या रेषेवर शाळेची पत ठरू लागली तेव्हा अभ्यासकांना नेमकं हेच दिसलं: मधल्या मुलांचे गुण वाढले, सगळ्यात खालच्यांच्या वाट्याला काही आलं नाही.

आता याच आकड्यांतला सगळ्यात महत्त्वाचा भाग. शिक्षकाने ती सहा मुलं शिकवून पास केली तर 30 पैकी 22, म्हणजे 73 टक्के. आणि कुणालाच न शिकवता खालची आठ मुलं पटावरून कमी झाली तर 22 पैकी 16, तेही 73 टक्केच. दोन्हीकडे बोनस तोच, 20,000 रुपये. सहा मुलांना शिकवणं आणि आठ मुलांना घालवणं यातला फरक या सूत्राला कळतच नाही. आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, म्हणून ही गाळणी लागते ती नववीला. मूल नववीतच ठेवायचं, नाहीतर पालकांना बोलावून "त्याला एनआयओएसच्या मुक्त शाळेला घाला, इथे झेपणार नाही" म्हणून सांगायचं. एखाद्या मुलासाठी तो सल्ला खरंच योग्य असतो. पण सल्ला देणाऱ्याचा बोनस त्यावर ठरत असेल तर पालकाने त्यावर विश्वास कसा ठेवायचा?

याचा अर्थ पैसे दिल्याने काहीच होत नाही असा नाही. आपल्याच देशात याचा मोठा प्रयोग झालाय. आंध्र प्रदेशात 2005पासून कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थतज्ज्ञांनी ग्रामीण सरकारी प्राथमिक शाळा चिठ्ठी टाकल्यासारख्या निवडल्या. 100 शाळांत प्रत्येक शिक्षकाला स्वतंत्र बोनस, 100 शाळांत सगळ्या शिक्षकांना मिळून, आणि 100 शाळांत बोनस नाही. सूत्र पासाचं नव्हतं. मुलांचे गुण वर्षभरात सरासरी किती टक्के सुधारले ते पाहायचं, पहिले पाच टक्के सोडायचे आणि पुढच्या दर टक्क्याला 500 रुपये द्यायचे. सुधारणा 10 टक्के झाली तर 2,500 रुपये. इथे 8चे 24 करणारी मुलगी मोजली जाते, 62चे 80 करणारा मुलगाही मोजला जातो. दोन वर्षांनी बोनसच्या शाळांतली मुलं गणितात आणि भाषेत स्पष्टपणे पुढे होती, आणि ज्या विषयांवर बोनस नव्हता त्या विज्ञान आणि सामाजिक शास्त्रातही पुढे होती. परीक्षा बाहेरच्या लोकांनी घेतली होती आणि पेपरात पाठांतरापलीकडचे प्रश्नही होते, म्हणून हा निकाल मला महत्त्वाचा वाटतो. शिक्षकांची गैरहजेरी मात्र कमी झाली नाही. जे आले त्यांनी जास्त शिकवलं, जादा तास घेतले, एवढंच.

केनियात उलटं झालं. तिथे 50 शाळांतल्या शिक्षकांना सरकारी परीक्षेच्या निकालावर बक्षिसं दिली. त्या परीक्षेचे गुण वाढले, पण बक्षीस नसलेल्या दुसऱ्या परीक्षेत तशी वाढ दिसली नाही, आणि योजना संपल्यावर मिळवलेलंही टिकलं नाही. शिक्षक शाळेत जास्त दिवस येऊ लागले नाहीत, घरचा अभ्यासही वाढला नाही. वाढली ती परीक्षेआधीची तयारी.

तुमच्या मॅनेजमेंटला बोनस द्यायचाच असेल तर मी तीन गोष्टींवर अडून बसेन. पहिली, छेद, म्हणजे ज्या मुलांतून टक्केवारी काढायची त्यांची संख्या, नववीच्या सुरुवातीलाच गोठवा. त्या दिवशी पटावर असलेलं प्रत्येक मूल दोन वर्षांनी मोजायचंच, मधेच गेलेलं मूल शून्य सुधारणा धरून. बदली होऊन गेलेल्या पालकांची मुलं तेवढी दाखला पाहून वगळा. दुसरी, सुधारणा मोजायची तर सुरुवातीची चाचणी शाळेने स्वतः घ्यायची नाही. घेतली तर पहिला पेपर कठीण काढून गुण खाली ठेवायचा मोह होतो, कारण खालून चढलेलं जास्त दिसतं. दुसऱ्या शाळेच्या शिक्षकांकडून पेपर काढून आणि तपासून घेता येतो. तिसरी, एका वर्षाच्या निकालावर पैसे देऊ नका. 30 मुलांच्या वर्गात दोन हुशार मुलं जास्त आली तरी सरासरी हलते, म्हणून दोन-तीन बॅचची सरासरी धरा.

वाटणीचं कठीण आहे आणि त्याला स्वच्छ उत्तर नाही. दहावीला गणित शिकवणारा पाचवीपासूनच्या सगळ्या शिक्षकांच्या कामावर उभा असतो. बोनस फक्त त्याला दिला तर पुढच्या वर्षी आठवीचा कच्चा वर्ग घ्यायला कुणी पुढे येणार नाही. सगळ्यांना सारखा वाटला तर ज्याने जोर लावला त्याला वाटतं, आपण केलं काय आणि न केलं काय. आंध्रातही पहिल्या वर्षी दोन्ही पद्धती सारख्याच चालल्या, नंतर स्वतंत्र बोनसवाल्या शाळा पुढे गेल्या. पण ती लहान प्राथमिक शाळांची गोष्ट, जिथे एक शिक्षक सगळे विषय शिकवतो. हायस्कूलला ती तशीच लावता येत नाही. तुमच्याकडे मी विषयवार गट करेन: गणिताचे पाचवी ते दहावीचे सगळे शिक्षक मिळून एक.

योजना सुरू झालीच तर ऑफिसमधून दरवर्षी दोन आकडे मागून घ्या. नववीच्या सुरुवातीला पटावर किती मुलं होती आणि त्यातली किती बोर्डाला बसली. आणि शाळेने दिलेले अंतर्गत गुण व बोर्डाचे लेखी गुण यात किती अंतर आहे. निकाल चढतोय आणि बसणारी मुलं घटतायत, किंवा अंतर्गत गुण सगळ्यांनाच जवळजवळ पूर्ण मिळतायत आणि लेखी गुण जिथल्या तिथे आहेत, असं दिसलं तर बोनस शिकवण्यावर जात नाहीये. हे आकडे मस्टरमध्ये आणि निकालपत्रकात असतातच. योजनेच्या कागदावर सही होण्याआधी मागच्या तीन वर्षांचे काढून ठेवा, म्हणजे पुढे तुलना कशाशी करायची ते तुमच्या हातात राहील.