मानेवर मखमली काळे डाग आहेत, पण शुगर नॉर्मल आली, मग कारण काय?

प्रश्न: वय २७. मानेच्या मागे आणि दोन्ही काखांत काळे, हात लावला तर मखमलीसारखे लागणारे पट्टे आलेत. दोन-तीन वर्षांत हळूहळू वाढले. दुखत नाही, खाजत नाही. कितीही घासलं तरी जात नाहीत, आई म्हणते नीट अंघोळ करत नाहीस. कुणीतरी म्हणालं शुगर असेल, म्हणून उपाशीपोटी टेस्ट केली तर ९६ आली म्हणजे नॉर्मल. मग हे नक्की कशाने होतं आणि क्रीम कुठलं लावू?

उत्तर:

आईंना आधी सांगा की हा मळ नाही. विश्वास बसत नसेल तर कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घ्या (इंजेक्शनच्या आधी पुसतात तेच) आणि डागावर थोडं जोर देऊन पुसा. चिकटून बसलेला मळ आणि मेलेली त्वचा असेल तर बोळा तपकिरी होतो आणि खालची त्वचा स्वच्छ दिसते, असाही एक प्रकार असतो आणि तो साबणाने जात नाही पण स्पिरिटने जातो. तुमच्या वर्णनावरून तसं काही होणार नाही असं वाटतं.

मी स्किनच्या ओपीडीत काम करतो. असे डाग असलेले लोक आमच्याकडे येतात ते जवळजवळ सगळे क्रीम मागायलाच येतात, शुगरचं विचारायला क्वचितच कुणी येतं, त्यामुळे तुम्ही आधी टेस्ट केलीत हे बरंच झालं. फक्त जी टेस्ट केलीत ती या प्रश्नाचं उत्तर देत नाही.

या डागांचं नाव अ‍ॅकॅन्थोसिस नायग्रिकन्स. डोळ्यांपेक्षा बोटांनी जास्त ओळखू येतात. नुसत्या घर्षणाने किंवा डिओडरंट, शेव्हिंगने काळवंडलेली काख सपाट असते, बोट फिरवलं तर बाजूच्या त्वचेसारखीच लागते. इथे मात्र त्वचा जाड झालेली असते, मानेवरच्या नेहमीच्या रेषा खोल दिसतात, मधला भाग बारीक खरखरीत-मऊ लागतो आणि कडा स्पष्ट नसते, काळेपणा हळूहळू विरत जातो. त्याच जागी बारीक लोंबणारे मस, ज्यांना स्किन टॅग म्हणतात, तेही बऱ्याचदा असतात, आरशात बघा एकदा.

आता शुगरचा संबंध. थेट शुगरशी नाही, इन्सुलिनशी आहे, आणि सगळा घोळ इथेच होतो. स्नायू आणि लिव्हर इन्सुलिनला नीट दाद देईनासे झाले की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं आणि शुगर जागेवर ठेवतं. घरात एकाला ऐकू कमी येतं म्हणून सगळे मोठ्याने बोलायला लागतात, पण बाकीच्यांचे कान तर चांगलेच असतात ना, त्यांना तो आरडाओरडा पूर्ण ऐकू येतो. त्वचेचं तसंच होतं. रक्तात इन्सुलिन खूप झालं की ते त्वचेच्या पेशींवरच्या वाढीच्या रिसेप्टरवर, म्हणजे आयजीएफ-१ नावाच्या रिसेप्टरवर जाऊन बसतं आणि त्या पेशी वाढायला लागतात. वरचा थर जाड होतो, बारीक घड्या पडतात आणि ते काळं दिसतं. काळेपणा मुख्यतः या जाडीमुळे असतो, रंगद्रव्य फार वाढल्यामुळे नाही, म्हणून गोरं करणारी क्रीमं इथे चालत नाहीत. घासल्याने तर त्वचा अजून जाड होते, तेवढं आजच बंद करा.

म्हणजे डाग दिसतोय आणि उपाशीपोटीची शुगर ९६ आहे यात विरोधाभास काही नाही. स्वादुपिंड जोवर पुरेसं ओरडू शकतंय तोवर उपाशीपोटीचा आकडा बरोबर येत राहतो, कित्येक वर्षं येतो. जेवल्यावरची शुगर पुष्कळदा आधी बिघडते.

एक केस सांगतो, ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. तिशीच्या आतबाहेरचा मुलगा, वजन ९२ किलो, बैठं काम, वडिलांना डायबिटीस. मान आणि काख तुमच्यासारखीच. उपाशीपोटीची शुगर ९६, तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारं एचबीए१सी ५.६, दोन्ही नॉर्मलमध्ये (एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबिटीस, ६.५ किंवा त्याहून जास्त म्हणजे डायबिटीस). त्याला वाटलं विषय संपला. आम्ही ७५ ग्रॅम ग्लुकोजची टेस्ट करून घेतली, म्हणजे उपाशीपोटी रक्त, मग ग्लुकोजचं पाणी प्यायचं आणि दोन तासांनी परत रक्त. दोन तासांचा आकडा आला १५८. १४० च्या खाली नॉर्मल, १४० ते १९९ प्रीडायबिटीस, २०० किंवा त्याहून जास्त म्हणजे डायबिटीस, म्हणजे हा मधल्या खणात. सोबत उपाशीपोटीचं इन्सुलिन केलं होतं ते २२. शुगर गुणिले इन्सुलिन भागिले ४०५ असं एक गणित आहे, होमा-आयआर म्हणतात, ते केलं तर ९६ गुणिले २२ म्हणजे २११२, भागिले ४०५, साधारण ५.२. अडीचच्या आसपास किंवा त्याच्या वर गेलं की इन्सुलिन रेझिस्टन्स आहे असं बरेच जण धरतात. पण या आकड्याला जगभर मान्य अशी एकच रेघ नाही आणि लॅबप्रमाणे इन्सुलिनची मोजणीही बदलते, त्यामुळे दर महिन्याला इन्सुलिन करून आकडा बघत बसू नका. डाग स्वतःच बऱ्यापैकी तेच सांगतोय. डायबिटीस आहे की नाही हे ठरतं ते शुगरच्या टेस्टवरच.

तेव्हा तुम्ही एचबीए१सी आणि ही दोन तासांची टेस्ट करून घ्या असं मी म्हणेन. वजन जास्त असेल आणि असा डाग असेल तर तपासणी करा असं अमेरिकन डायबिटीस असोसिएशनही सांगते. टेस्टला जाताना लोक एक गडबड करतात. आकडा चांगला यावा म्हणून आधीचे दोन-तीन दिवस जवळजवळ काहीच खात नाहीत, आणि अशाने दोन तासांचा आकडा उलटा खोटा वाढलेला येऊ शकतो, कारण शरीराची ग्लुकोज हाताळायची सवय तेवढ्यात सुटलेली असते. तीन दिवस नेहमीसारखं जेवा, रात्री किमान ८ तास उपाशी राहा, ग्लुकोजचं पाणी ५ मिनिटांत संपवा आणि ते दोन तास बसून राहा, फेऱ्या मारू नका, सिगरेट ओढू नका. एचबीए१सीची पण एक मर्यादा आहे, लोह कमी असल्याने अ‍ॅनिमिया असेल तर तो खोटा वाढलेला येऊ शकतो आणि लाल पेशी लवकर फुटण्याचा आजार असेल तर खोटा कमी, म्हणून हिमोग्लोबिन सोबत बघून घ्या.

क्रीमचं विचारलंत. ट्रेटिनॉइन, युरिया, लॅक्टिक अ‍ॅसिड असलेली क्रीमं जाड थर थोडा उतरवतात, फरक पडतो पण मर्यादित, आणि इन्सुलिन वरच राहिलं तर सोडल्यावर डाग परत. ट्रेटिनॉइन काखेत जळजळ करतं, स्वतःच्या मनाने सुरू करू नका. त्याहून वाईट म्हणजे दुकानातून सहज मिळणारी स्टेरॉइड मिसळलेली गोरं करणारी क्रीमं, ती काखेच्या घडीत लावली की त्वचा पातळ होते, कायमचे ताणाचे व्रण पडतात आणि डाग तिथेच असतो. मला विचाराल तर क्रीमचे पैसे आधी टेस्टवर घाला.

खरा फरक पडतो तो इन्सुलिन खाली आल्यावर. वरच्या केसमधल्या मुलाने वजनाच्या ७ टक्के, म्हणजे साडेसहा किलोच्या आसपास कमी करायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं जोरात चालायचं एवढंच ठरवलं. हे आकडे मी मनाने सांगत नाहीये, अमेरिकेतल्या डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम या मोठ्या अभ्यासात (निकाल २००२ चे) नेमकं हेच ध्येय दिलं होतं आणि प्रीडायबिटीस असलेल्यांमध्ये डायबिटीस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं होतं. त्याचं वजन उतरलं तशी आधी मान हाताला मऊ लागायला लागली, रंग बराच नंतर फिका पडला, आणि पुढच्या टेस्टला दोन तासांचा आकडा १२८. काख मात्र अजून थोडी काळी आहे, जुने डाग कधीकधी पूर्ण जात नाहीत. त्याला गोळी लागली नाही. काहींना डॉक्टर मेटफॉर्मिन देतात, पण ते टेस्ट बघून, डाग बघून नाही.

वजन अजिबात जास्त नसेल तर थोडा वेगळा विचार करावा लागतो. घरात लहानपणापासून कुणाकुणाला असे डाग असतात का विचारा, काही वेळा ते आनुवंशिकच असतात. कुठली औषधं चालू आहेत तेही डॉक्टरांना सांगा, स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा कोलेस्टेरॉलसाठी दिलेलं नायासिन यानेही हे होतं. आणि हे वाचणाऱ्या मुलींसाठी, डागांसोबत पाळी अनियमित असेल, हनुवटीवर जाड केस येत असतील तर पीसीओएसची तपासणी सोबत करून घ्या, तिथेही मुळाशी बऱ्याचदा इन्सुलिनच असतं.

एका प्रकारात मात्र थांबायचं नाही. चाळिशीपुढचा माणूस, डाग वर्षांत नाही तर काही आठवड्यांत भराभर पसरलेत, खाज आहे, ओठांवर किंवा तोंडात पण आलेत, तळहात जाड आणि रेघारेघांचे झालेत, आणि काही न करता वजन उतरतंय, अशा वेळी पोटातल्या कॅन्सरची शक्यता तपासावी लागते, बहुतेकदा जठराच्या. हे दुर्मीळ आहे आणि तुमचं दोन-तीन वर्षांत हळूहळू वाढलेलं त्यात बसत नाही, म्हणून तुम्ही त्याची रात्रभर काळजी करत बसू नका, पण घरात कुणा मोठ्याला असं दिसलं तर लगेच दाखवा.

तुमचे दोन्ही रिपोर्ट नॉर्मल आले तरी तीन वर्षांनी परत करा, वजन वाढलं तर आधीच. प्रीडायबिटीस निघाला तर दरवर्षी. रिपोर्ट आले की आकडे इथे कॉमेंटमध्ये टाका, सोबत उंची आणि वजन पण लिहा, नाहीतर नुसत्या आकड्यांवरून सांगता येणार नाही.