कोसा साडीचा रंग फोटोत खरा का येत नाही?

प्रश्न: भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी विणलेल्या कोसा साड्यांचे फोटो काढतो. २४ चौकटींचा कलर चेकर, म्हणजे ठरावीक रंगांचा चार्ट घेतला, darktable या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यावरून रंगदुरुस्तीची प्रोफाइल बनवली, तरी रंग साडीसारखा दिसत नाही. कुठे अडतंय?

उत्तर: आधी चार्टवर पडणारा उजेड तपासा. आपल्याकडे भिंती निळ्या-हिरव्या, अंगणात कडुलिंब, वर ताडपत्री. यांचा रंग चार्टवर पडतो, तोही एका बाजूला जास्त आणि दुसरीकडे कमी. सॉफ्टवेअरला तो कॅमेऱ्याचा दोष वाटतो आणि ते भलतीच दुरुस्ती करतं.

म्हणून पांढऱ्या भिंतीजवळ, उघड्या आभाळाखालची सावली निवडा. साडी जिथे टांगणार तिथेच चार्ट ठेवा. कॅमेरा अगदी समोर, उजेड तिरका, म्हणजे चौकटींवर चमक येत नाही. चार्ट फ्रेमच्या मधोमध असू द्या, कारण लेन्स कडांना काळसर करते. मग त्याच जागी कोरा पांढरा कागद धरून एक फोटो घ्या. कागदाचे चारही कोपरे सारखे उजळ नसतील तर जागा बदला. फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्येच हवा, आणि पांढरी चौकट जळालेली नको. तिचा लाल, हिरवा, निळा यांपैकी एक जरी रंग कमाल मर्यादेला टेकला, तरी पुढचं सगळं गणित खोटं.

darktable मध्ये `color calibration` मधलं `calibrate with a color checker` उघडा. तिथे चार्टचा प्रकार नीट निवडा: X-Rite च्या २०१४ च्या नोव्हेंबरनंतरच्या चार्टचे रंग थोडे वेगळे आहेत. गणनेनंतर सरासरी डेल्टा ई, म्हणजे खऱ्या आणि फोटोतल्या रंगातला फरक, २ च्या आसपास आला तर उत्तम. ५-६ आला तर उजेड किंवा चमक यातच दोष आहे असं समजा आणि चार्टचा फोटो पुन्हा काढा. अहवालात एक्स्पोजरचे आकडे येतात, ते `exposure` मध्ये भरायला विसरू नका. रंग पडताळताना `filmic rgb` किंवा `sigmoid` हे उजेड-अंधाराचा तोल बदलणारे भाग बंद ठेवा, कारण ते रंगांत पुन्हा ढवळाढवळ करतात.

ही प्रोफाइल त्याच उजेडाची. दुपारनंतर ऊन फिरलं किंवा घरात एलईडीखाली साडी नेली, तर चार्ट पुन्हा काढायचा.

एवढं करूनही करवतकाठीचा मरून काठ लालसर दिसू शकतो. त्या फोटोत चार्ट ठेवून बघा: राखाडी चौकटी बिनरंगी असतील आणि काठ तेवढाच बिघडला असेल, तर प्रोफाइल ठीक आहे. काही रंगद्रव्यं डोळ्याला जेमतेम दिसणारा गडद लाल उजेड बराच परत फेकतात. कॅमेरा तो टिपतो, पण चार्टच्या चौकटींत तसं द्रव्य नसल्याने प्रोफाइलला ते कळत नाही. तेव्हा साडी सावलीत शेजारी धरून फक्त काठाचा रंग हाताने उतरवा. मूळ कोशाच्या सोनेरी रंगाला हात लावू नका, तो प्रोफाइलने बरोबर आलेला असतो.