नुसतं 'नाही' तुटक का वाटतं?

प्रश्न: कोथरूडला आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी काकूंनी मेसेज केला, 'रविवारी सकाळी टाकी धुवायला माणसं येतायत, अर्धा तास खाली थांबाल का?' मला खरंच वेळ नव्हता, म्हणून मी 'नाही' एवढंच लिहिलं. काकूंना ते फार लागलं. मराठीत थोडक्यात उत्तर दिलं की उद्धट का वाटतं? आणि पाल्हाळ न लावता ते मऊ कसं करायचं?

शब्द कमी होते म्हणून काकूंना लागलं, असं मला वाटत नाही. तुम्ही 'थांबते' एवढा एकच शब्द लिहिला असता तर त्या खूशच झाल्या असत्या. होकार देताना मराठी माणूस बहुतेक वेळा प्रश्नातलंच क्रियापद परत करतो. 'येतेस का?' 'येते.' 'चहा घेणार?' 'घेईन.' हे एकशब्दी उत्तर पूर्ण असतं, त्यात आपलेपणही असतं. दुकानात 'साबुदाणा आहे का?' याला 'आहे' म्हणणाऱ्यालाही कुणी तुसडा म्हणत नाही.

नकाराचं गणित वेगळं आहे. समोरासमोर बोलताना आपण नकार कधी झटकन देत नाही. जरा थांबतो, 'अहो, त्याचं काय आहे' असं काहीतरी म्हणतो, कारण सांगतो, आणि मग नाही म्हणतो. 'नाहीऽऽ हो' असा सूर लांबवला तरी पुरतं, कारण नाइलाज त्या लांबवण्यातच ऐकू येतो. मेसेजमध्ये थांबणंही दिसत नाही आणि सूरही. उरतो तो उघडा 'नाही', आणि वाचणारा त्याला आपल्या मनातला सूर लावतो. म्हणून बोलण्यात सुरावर सोडलेलं काम लिहिताना शब्दांकडून करून घ्यावं लागतं.

त्यातला सगळ्यात उपयोगी बदल 'मी' आणि 'मला' यांतला आहे. 'मी थांबणार नाही' यात ठरवणाऱ्या तुम्ही. ते वाक्य निर्धारासारखं ऐकू येतं, जवळजवळ निषेधासारखं. 'मला थांबायला जमणार नाही' म्हटलं की इच्छेचा प्रश्नच मिटतो. अडचण बाहेरची ठरते आणि तुम्ही तिच्यात सापडलेल्या. मराठीत ही सोय फार खोलवर आहे. 'आजीला आता जिना चढवत नाही' या वाक्यात आजीच्या मनाविषयी काहीच म्हटलेलं नाही, फक्त तिच्या शक्तीविषयी म्हटलं आहे. व्याकरणात अशा क्रियापदाला शक्य क्रियापद म्हणतात. 'जमणं' हे काही त्या प्रकारचं रूप नव्हे, पण 'मला'मुळे परिणाम तोच होतो.

दुसरा बदल हाक मारण्याचा. मैत्रिणीला 'नाही गं', मित्राला 'नाही रे', काकूंना 'नाही हो'. या 'हो'चा होकाराशी काही संबंध नाही. तो 'अहो'मधला 'हो' आहे. त्याच्यामुळे उत्तर प्रश्नाला न जाता माणसाला जातं. मग तुमचा मेसेज असा होईल: 'नाही हो काकू, रविवारी सकाळी मला जमणार नाही, बाहेर जायचंय. संध्याकाळचं काही काम असेल तर सांगा.' दोनच वाक्यं झाली. शेवटचं वाक्य मात्र खरोखर येणार असाल तरच लिहा. आणि 'बघते' लिहून वेळ मारून नेऊ नका. ते ऐकायला गोड लागतं, पण काकूंना रविवारपर्यंत दुसरं माणूस शोधता येत नाही.

विनंतीच्या बाबतीत एक सांगायला हवं. नुसतं 'पाठवा' कोरडं वाटतं म्हणून बरेच जण आधी 'कृपया' लावतात. ओळखीच्या माणसाला लिहिताना त्याने मऊपणा येत नाही, उलट 'कृपया चपला बाहेर काढा' या पाटीचा सूर येतो. आपल्याकडे मार्दव बहुधा वाक्याच्या शेवटी असतं: 'पाठवता का?', 'पाठवाल का?', जवळच्या माणसाला 'पाठव ना'.

हा 'ना' मात्र जपून वापरावा. आज्ञार्थानंतर तो आर्जव करतो: 'बसा ना', 'सांगा ना'. भूतकाळानंतर तोच दटावतो: 'सांगितलं ना!' लिहिताना उद्गारचिन्ह नसलं तरी फरक पडत नाही. 'की'चंही तसंच. 'येते की' यात आनंदाने होकार आहे, 'पाठवलंय की' यात 'तुम्हाला दिसलं नाही का' असा टोला आहे. पावती मागणाऱ्या काकूंना 'पाठवली की' लिहिण्याऐवजी 'काल रात्री पाठवली आहे काकू, मिळाली का बघता?' असं लिहा.