शब्बाथ शनिवारी सकाळी सुरू होत नाही

प्रश्न: ज्यूंचा विसाव्याचा दिवस शब्बाथ आणि ख्रिश्चनांचा रविवार यांत फरक काय? सहावीतल्या मुलीसाठी छोटा उतारा आणि प्रश्नही हवेत.

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातली, मूळची अलिबागकडची. आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावोगाव आम्हाला ‘शनिवार तेली’ म्हणत.

सहावीतच असताना उताऱ्याखाली प्रश्न होता, ‘शब्बाथ कधी सुरू होतो?’ मी लिहिलं, शुक्रवारी सूर्य मावळताना. बाईंनी लाल फुली मारली; त्यांना ‘शनिवारी सकाळी’ हवं होतं. आमच्या घरी शुक्रवारी दुपारपासून लगबग असायची. आई भिजवलेल्या काळ्या मनुका फडक्यातून पिळून किद्दुशसाठी, म्हणजे शब्बाथच्या सुरुवातीच्या प्रार्थनेसाठी, सरबत करायची, स्वयंपाक उरकून भांडी झाकून ठेवायची आणि सूर्य मावळायच्या आत दिवा लावायची. त्यानंतर काडीला हात नाही. विस्तव पेटवणं आणि विझवणं, दोन्ही मिश्ना या ज्यूंच्या जुन्या नियमग्रंथातल्या ३९ वर्ज्य कामांत येतात. शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसले की शब्बाथ संपायचा. हे दर आठवड्याला डोळ्यांसमोर असताना मी ‘सकाळी’ कसं लिहिणार?

बाई म्हणाल्या, ख्रिश्चनांनी हाच दिवस रविवारी हलवला. हेही चूक. रविवार हा आठवड्याचा पहिला दिवस, येशूच्या पुनरुत्थानाचा, म्हणून ते त्या दिवशी जमू लागले. सुरुवातीला ती सुट्टी नव्हती. शहरांतली कामं आणि न्यायालयं रविवारी बंद ठेवण्याचा हुकूम रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२१ साली काढला, आणि त्यातूनही शेतकऱ्यांना सूट होती. थोडक्यात, शब्बाथचा गाभा काम थांबवणं आणि रविवारचा गाभा एकत्र उपासना.

मुलीला हा उतारा द्या:

‘दहा आज्ञांमधली शब्बाथची आज्ञा बायबलमध्ये दोनदा येते. निर्गम या पुस्तकात कारण दिलंय की देवाने सहा दिवसांत सृष्टी घडवून सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवाद नावाच्या पुस्तकात कारण वेगळं आहे: तुम्ही मिसरात म्हणजे इजिप्तमध्ये गुलाम होता, म्हणून तुमच्या दासदासींनाही विसावा मिळू दे.’

१. दोन ठिकाणी कोणती दोन कारणं दिली आहेत?
२. दासदासींना सुट्टी का द्यायची?
३. तुमच्या घरी काम करणाऱ्या मावशींना आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते का?

सगळे ख्रिश्चन रविवारच पाळतात असं मात्र नाही. सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट शनिवार पाळतात, तोही शुक्रवारच्या सूर्यास्तापासून. इंग्लंडमधले प्युरिटन पंथाचे ख्रिश्चन तर रविवारलाच शब्बाथ म्हणत आणि त्या दिवशी खेळही वर्ज्य मानत. आमच्यातही आता सगळेच काटेकोर पाळत नाहीत.

आणि मुलीच्या बाईंनी ‘शनिवारी सकाळी’ हेच उत्तर मागितलं, तर बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाचा पहिला अध्याय त्यांच्यापुढे ठेवा. तिथे प्रत्येक दिवस मोजताना आधी संध्याकाळ येते, मग सकाळ.