उन्हाळ्यात दूध टिकवायचं तर मुरघासाचं माप गायींवरून ठरवा

प्रश्न: दारव्हा तालुक्यात आमच्या चार संकरित गायी आहेत. दिवाळीला रोजचं ४० लिटर दूध असतं, मे महिन्यात ते २०–२२ वर येतं. विहिरीचं पाणी फेब्रुवारीअखेर संपतं. शेजारच्या काकांनी त्यांच्या दोन गायींसाठी २० फूट लांब, ८ फूट रुंद, ५ फूट खोल खड्ड्यात मक्याचा मुरघास केला होता. उघडला तेव्हा चांगला होता, पण पंधरा दिवसांत काळा पडून सडला. यंदा पेरणीच्या वेळीच ठरवायचं आहे. मी करावा का, आणि किती?

उत्तर: नक्की करा भाऊ, पण काकांसारखा खड्डा काढू नका. उघडताना मुरघास चांगला होता, म्हणजे मका, कुट्टी आणि दाबणं हे सगळं त्यांना बरोबर जमलं होतं. तो सडला तो उघडल्यानंतर. दोन-चार गायीवाल्यांचा मुरघास बहुतेक इथेच बिघडतो, म्हणून आधी तेच नीट सांगतो.

बंद मुरघासात हवा नसते. मक्यातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल होतं आणि त्या आंबटपणात चारा महिनोन्महिने टिकतो. ज्या दिवशी तोंड उघडतो त्या दिवसापासून समोरच्या थरात हवा शिरते. आत झोपलेलं यीस्ट जागं होतं आणि ते आम्लच खायला लागतं. आंबटपणा गेला की बुरशी येते. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४३–४४ वर असतो, त्यामुळे हे सगळं फार वेगानं होतं. यावर उपाय एकच आहे: हवा आत जाते त्याहून वेगानं आपण चारा काढत राहायचं. उन्हाळ्यात रोज उघड्या तोंडाचा साधारण सहा इंचांचा पूर्ण थर निघाला पाहिजे.

आता काकांचा खड्डा मोजू. तोंड ८ बाय ५, म्हणजे ४० चौरस फूट. चांगला दाबलेला मुरघास घनफुटाला साधारण १५ किलो भरतो. त्या तोंडाचा नुसता एक इंच थर काढला तरी ५० किलो होतो. दोन गायींना रोज लागतो ३० ते ४० किलो. म्हणजे रोज एक इंचही निघत नव्हता, आणि सहा इंच काढायचे तर ३०० किलो खाणारा गोठा हवा होता. खड्डा गायींच्या मानाने फार मोठा होता, बाकी काही चुकलं नव्हतं.

तुमचा हिशेब असा. दुभत्या गायीला दिवसाला १५ किलो धरा, चार गायींचे ६० किलो. मार्चपासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, म्हणजे पावसाचा हिरवा चारा हाताशी येईपर्यंत, साधारण १३० दिवस. एकूण ७,८०० किलो. आंबताना होणारी घट, वरचा खराब थर आणि पाऊस लांबला तर हाताशी असावा असा साठा धरून १० टन कापलेला मका भरा. आता तोंड किती मोठं असावं? ६० किलो म्हणजे ४ घनफूट. ते सहा इंचांच्या थरात बसवायचे तर तोंड ८ चौरस फुटांपेक्षा मोठं नको. खड्ड्याऐवजी मुरघास भरायची प्लास्टिकची बॅग घेतली, तर तीन फूट व्यासाच्या बॅगेचं तोंड ७ चौरस फूट असतं. म्हणून तुमच्यासाठी ५०० किलोच्या, तीन फूट व्यासाच्या आणि पावणेपाच-पाच फूट उंच बॅगा योग्य. अशा २० बॅगा लागतील, आणि एक बॅग आठवडाभरात संपेल. एक टनाची चार फुटी बॅग स्वस्त पडते म्हणून दुकानदार ती सुचवेल. चार गायींना तिच्यातून रोज चार इंचही निघणार नाहीत, तेव्हा ती घेऊ नका.

बॅगेचा आग्रह आणखी एका कारणासाठी आहे. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसाळ्यात कच्च्या खड्ड्याच्या भिंती ढासळतात. सिमेंटचा हौद बांधला तर चालतो, पण तो दहा-बारा जनावरांच्या गोठ्याला परवडतो.

मका कुठे पेरायचा? सोयाबीनच्या वावरातला एक एकर मोकळा करा. जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीला पावसावर पेरलेला मका साधारण सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात कापणीला येतो, आणि ऑक्टोबरमध्ये त्याच वावरात हरभरा पेरता येतो. हरभऱ्याचं कुटारही गोठ्यालाच येतं. म्हणजे पावसाच्या पाण्यावरच तुमचा मे महिन्याचा चारा होतो, विहिरीला हात लावावा लागत नाही. चाऱ्यासाठी आफ्रिकन टॉल हे वाण सगळीकडे मिळतं, एकरी ३० किलो बियाणं. मी मात्र मुरघासासाठी भरगच्च कणसं देणारं दाण्याचं संकरित वाण पसंत करतो, एकरी ८ किलो. गायीला ताकद दाण्यातल्या पिठातून मिळते, नुसत्या उंच ताटातून नाही. निम्मं वावर आधी आणि निम्मं आठ-दहा दिवसांनी पेरा, म्हणजे सगळा मका एकदम अंगावर येणार नाही. पोंग्यात लष्करी अळी दिसली तर लवकर फवारा, आणि औषधाच्या लेबलावर चारा कापण्याआधी जितके दिवस थांबायला सांगितलं असेल तितके थांबा.

कापणीचा दिवस कॅलेंडरवरून ठरवू नका, कणसावरून ठरवा. कणीस मधून मोडून दाण्याकडे पाहा. दाण्याच्या टोकाकडचा भाग कडक पिवळा आणि बुडाकडचा दुधाळ असतो, मधे एक रेघ दिसते. ती रेघ दाण्याच्या मध्यावर आली की कापा. मग कुट्टी मूठभर घेऊन अर्धा मिनिट घट्ट दाबा आणि मूठ उघडा. बोटांतून पाणी गळलं तर चारा ओला आहे. कापलेली ताटं अर्धा दिवस वावरातच सुकू द्या. गोळा लगेच भुगा होऊन पडला तर उशीर झाला. असा चारा दाबला जात नाही आणि बुरशी धरतो. गोळा हळूहळू सुटला आणि तळहात फक्त ओलसर राहिला, तर तोच दिवस धरायचा.

कुट्टी अर्धा ते पाऊण इंच ठेवा. बॅगेत अर्ध्या फुटाचा थर टाकायचा आणि पायानं तुडवायचा, कडेला जास्त, कारण हवा कडेलाच राहते. सुरू केलेली बॅग त्याच दिवशी भरून हवा दाबून काढा आणि घट्ट बांधा. घरचे लोक आणि एक कुट्टी मशीन असेल तर रोज चार बॅगा आरामात होतात, आणि बॅगेचा हाच फायदा आहे की काम तोडून तोडून करता येतं. मक्यात साखर भरपूर असते, म्हणून गूळ किंवा कल्चर टाकायची गरज नाही. नेपियरसारख्या गवताचा मुरघास करायचा असता तर गूळ किंवा मळी लागली असती. बॅगा सावलीत, फळ्यांवर, भिंतीपासून सुट्या ठेवा. उंदीर हा यातला मोठा शत्रू आहे. आठवड्यातून एकदा फिरून पाहा आणि भोक दिसलं की त्याच दिवशी चिकटपट्टी लावा.

किमान ४५ दिवस बॅग उघडायची नाही. चांगला मुरघास हिरवट-पिवळा असतो आणि त्याला दह्यासारखा आंबट वास येतो. तंबाखूसारखा काळपट असेल आणि जळका वास असेल तर आत हवा राहून तो तापला होता. चिकट असेल आणि कुबट वास येत असेल तर भरताना पाणी जास्त होतं. उघड्या तोंडात वीतभर आत हात घाला. आतला चारा कोमट-गरम लागला तर बुरशी डोळ्यांना दिसायच्या आधीच तुम्हाला कळेल की काढण्याचा वेग कमी पडतोय. बुरशीचा भाग फेकून द्या. चांगल्यात मिसळून, आणि गाभण गायीला तर अजिबात, घालू नका. गर्भपाताचा धोका असतो.

आता खाऊ घालण्याचं. हिरवा चारा संपेपर्यंत वाट पाहू नका. फेब्रुवारीच्या शेवटी, थोडा हिरवा चारा असतानाच, गायीमागे तीन किलोपासून सुरू करा आणि आठ-दहा दिवसांत १५ वर न्या. चारा एकदम बदलला की पोटातले जीवाणू बदलायला वेळ लागतो, आणि दूध पहिल्याच आठवड्यात उतरतं. नुसत्या मुरघासावरही भागत नाही. १५ किलो मुरघासात कोरडा चारा मोजला तर साडेचार किलोच्या आसपास भरतो, बाकी सगळं पाणी. सोबत चार-पाच किलो कुटार किंवा कडबा लागतोच. तुरीचं कुटार गायी आवडीनं खातात, सोयाबीनचं जाड असतं म्हणून ते मुरघासात कालवून द्या. थोडा कडबा लांब ठेवा, रवंथ चांगलं होतं आणि फॅट टिकते. मक्याच्या मुरघासात प्रथिनं कमी असतात. ती सरकी ढेपेतून आणि पशुखाद्यातून भरा: तीन लिटर दुधामागे एक किलो, अधिक शरीरासाठी एक-दीड किलो, आणि खनिज मिश्रण.

पाणी नसताना हिरवं म्हणून धुऱ्यावर शेवरी आणि सुबाभूळ यंदाच्या पावसातच लावा. मुळं खोल जात असल्यानं एकदा रुजली की एप्रिलमध्येही पाला देतात, आणि ही द्विदल झाडं असल्यानं प्रथिनंही मिळतात. नव्या झाडांना पहिलं वर्ष तोडू नका. सुबाभळीत मिमोसिन नावाचा विषारी घटक असतो, म्हणून तिचा पाला एकूण हिरव्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. विहिरीचं हिवाळ्यातलं पाणी पाच-सात गुंठे लसूणघासाला द्या. नोव्हेंबरमध्ये पेरला तर फेब्रुवारीअखेरपर्यंत दोन-तीन कापण्या मिळतील.

एक मर्यादा सांगतो. मे महिन्यात एचएफ संकरित गाय उष्णतेनंच कमी खाते, त्यामुळे चारा कितीही चांगला असला तरी दिवाळीचे ४० लिटर मे मध्ये मिळणार नाहीत. पण निम्मं दूध जाणं थांबेल. त्यासाठी मुरघास पहाटे आणि दिवस मावळल्यावर घाला, दुपारी गव्हाणीत ठेवू नका, तो दोन-तीन तासांत तापतो. धार काढून झाल्यावरच द्या, नाहीतर दुधाला वास लागतो.

बॅगा सप्टेंबरच्या आधीच आणून ठेवा, आणि दुकानातून घेताना व्यास स्वतः टेपनं मोजा.